दर महिन्याला चाळीस रुपयांनी कमी होणारा हप्ता: पाठ्यपुस्तकाच्या पानावरील एक उदाहरण

दहावीच्या परीक्षेचे दिवस जवळ येऊ लागले की गणिताच्या पुस्तकातील पानांचे फोटो दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत घराघरांतल्या फोनवर फिरू लागतात. पानावरील एखाद्या उदाहरणाभोवती पेनाने गोल केलेला असतो आणि खाली एवढेच लिहिलेले असते, "हे कसे सोडवायचे?" अशा फोटोंत अंकगणिती श्रेढीची शाब्दिक उदाहरणे वारंवार येतात. कधी नाट्यगृहातील खुर्च्यांच्या रांगा असतात, तर कधी कर्जाचे दरमहा बदलणारे हप्ते. सूत्र मुलांना पाठ असते, आकडेमोडही जमते. अडते ते उदाहरणातील कोणता आकडा सूत्रात कोठे बसवायचा या ठिकाणी. घरातील मोठ्या माणसांना वेगळीच शंका येते, की खऱ्या व्यवहारात हप्ता असा दर महिन्याला ठरावीक रकमेने कमी होतो तरी का? हप्त्यांचे एकच उदाहरण नीट सोडवले, तर या दोन्ही शंकांची उत्तरे त्यातच मिळतात.

उदाहरण असे आहे. एका महिलेने बचत गटाकडून २४,००० रुपये कर्ज घेतले आणि त्यावर एकूण ३,१२० रुपये व्याज देण्याचे कबूल केले. ही सर्व रक्कम तिने १२ मासिक हप्त्यांत फेडली. प्रत्येक हप्ता आधीच्या हप्त्यापेक्षा ४० रुपयांनी कमी होता, तर पहिला आणि शेवटचा हप्ता किती रुपयांचा होता?

## श्रेढी म्हणजे काय, आणि येथे ती कोठे आहे

ठरावीक क्रमाने लिहिलेल्या संख्यांमध्ये प्रत्येक संख्या आधीच्या संख्येपेक्षा सारख्याच फरकाने बदलत असेल, तर त्या मांडणीला अंकगणिती श्रेढी म्हणतात. मांडणीतील प्रत्येक संख्येला पद म्हणतात. पहिले पद a या अक्षराने, तो सारखा राहणारा फरक, म्हणजे सामान्य फरक, d या अक्षराने आणि पदांची संख्या n या अक्षराने दाखवतात. पदे वाढत असतील तर d धन असतो, कमी होत असतील तर ऋण असतो.

आपल्या उदाहरणात प्रत्येक हप्ता हे एक पद आहे. हप्ते बारा आहेत, म्हणून n = 12. हप्ता दर वेळी ४० रुपयांनी उतरतो, म्हणून d = −40. पहिला हप्ता विचारलेला आहे, म्हणजे a अज्ञात आहे. आता प्रश्न उरतो तो २४,००० आणि ३,१२० या दोन आकड्यांचा, आणि नेमके येथेच अनेकांचे गणित वाट चुकते.

यांपैकी एकही आकडा एखादे पद नाही. २४,००० रुपये हे मुद्दल आहे आणि ३,१२० रुपये हे वर्षभराचे एकूण व्याज आहे. बाराही हप्ते मिळून या दोन्ही रकमा फिटतात, त्यामुळे सर्व पदांची बेरीज २४,००० + ३,१२०, म्हणजे २७,१२० रुपये होते. ही बेरीज S या अक्षराने दाखवतात. उदाहरणात एवढी मोठी रक्कम दिसली की तिच्याबाबत पहिल्यांदा एकच गोष्ट ठरवावी: ती एका महिन्याची आहे की सगळ्या महिन्यांची मिळून आहे? कितव्या तरी एका हप्त्याविषयी बोलणे असेल तर ते पदाचे सूत्र, आणि सगळ्या हप्त्यांविषयी मिळून बोलणे असेल तर ते बेरजेचे सूत्र.

## बेरजेचे सूत्र कोठून येते

पदाचे सूत्र सरळ आहे. पहिल्या हप्त्यापासून बाराव्या हप्त्यापर्यंत जाताना फरक अकरा वेळा लागतो, बारा वेळा नाही. कारण पहिल्या हप्त्याच्या आधी काहीच उतरलेले नसते. म्हणून n वे पद असे लिहितात:

tₙ = a + (n − 1)d

बेरजेचे सूत्र समजण्यासाठी जांभ्याच्या चिऱ्यांचा ढीग डोळ्यांसमोर आणावा. तळाच्या थरात ९ चिरे, त्यावर ८, मग ७, ६ आणि सर्वांत वर ५, असा उतरत गेलेला पाच थरांचा ढीग आहे. असाच दुसरा ढीग उलटा करून त्याला चिकटवला, तर ९ शेजारी ५ येतात, ८ शेजारी ६ येतात, ७ शेजारी ७ येतात, आणि प्रत्येक थरात बरोबर १४ चिरे होतात. पाच थरांचे ७० चिरे झाले आणि ते दोन ढिगांचे आहेत, म्हणून एका ढिगात ३५ चिरे आहेत. पहिले पद आणि शेवटचे पद मिळवायचे, थरांच्या संख्येने गुणायचे आणि निम्मे करायचे, एवढेच या सूत्रात आहे. शेवटचे पद माहीत नसेल, तर त्याच्या जागी a + (n − 1)d लिहितात आणि पुस्तकातले नेहमीचे रूप तयार होते:

Sₙ = n/2 × [2a + (n − 1)d]

## उदाहरण सोडवू

ठरवलेल्या किमती सूत्रात ठेवल्या की समीकरण असे दिसते:

27120 = 12/2 × [2a + (12 − 1)(−40)]
27120 = 6 × [2a − 440]
4520 = 2a − 440
2a = 4960
a = 2480

पहिला हप्ता २,४८० रुपयांचा आहे. शेवटच्या हप्त्यापर्यंत ४० रुपये अकरा वेळा कमी होतात, म्हणजे ४४० रुपये, म्हणून शेवटचा हप्ता २,०४० रुपयांचा आहे. पडताळा पाहायचा तर २,४८० आणि २,०४० यांची बेरीज ४,५२० होते, तिला ६ ने गुणले की २७,१२० मिळतात.

## फोटोत "कमी" हा शब्दच दिसत नसेल तर

पुस्तक पूर्ण उघडून वरून फोटो काढला, तर डाव्या पानाच्या ओळींची शेवटची टोके बांधणीकडे वळतात आणि सावलीत जातात. "प्रत्येक हप्ता आधीच्या हप्त्यापेक्षा ४० रुपयांनी" एवढे दिसते आणि पुढचा शब्द नाहीसा होतो. मग कुणी तो "जास्त" असा समजून घेतो आणि d = +40 धरतो. त्याचे समीकरण 4520 = 2a + 440 असे होते, a = 2040 येते आणि शेवटचा हप्ता २,४८० येतो.

या उत्तराचा पडताळाही अगदी बरोबर येतो, आणि म्हणूनच ही चूक वाईट आहे. २,०४० पासून चढत २,४८० पर्यंत जा किंवा २,४८० पासून उतरत २,०४० पर्यंत या, हप्ते तेच बारा आहेत, फक्त क्रम उलटा आहे, आणि क्रम बदलल्याने बेरीज बदलत नाही. बेरीज जुळली म्हणून उत्तर बरोबर, असे मानणारा विद्यार्थी येथे फसतो. फरकाची दिशा बेरजेतून कळत नाही. ती शब्दांतूनच घ्यावी लागते. शब्द दिसत नसेल तर अंदाजाने पुढे न जाता पान सपाट दाबून पुन्हा फोटो मागवावा. उदाहरणाच्या शेवटच्या ओळी पुढच्या पानावर गेल्या असतील, तर तेही पान मागवावे, कारण पुष्कळदा खरा प्रश्न तेथेच असतो.

आकडा अंधुक असेल तर थोडी मदत गणितातूनच मिळते. पानावर व्याजाची रक्कम 3,120 अशी इंग्रजी अंकांत छापलेली आहे, असे समजू. अस्पष्ट फोटोत 3 हा 8 सारखा दिसला आणि व्याज 8,120 धरले, तर बेरीज ३२,१२० होते. तिला ६ ने भागले की पूर्ण भाग जात नाही, हप्ता अपूर्णांकात येतो आणि आकडा वाचण्यात काही तरी चुकले आहे हे लगेच लक्षात येते. पण 1 हा 7 सारखा दिसून व्याज 3,720 धरले, तर बेरीज २७,७२० होते, ६ ने भागल्यावर ४,६२० येतात, त्यांत ४४० मिळवून निम्मे केले की पहिला हप्ता २,५३० रुपये असा पूर्णांकातच येतो. म्हणजे अपूर्णांक आला तर शंका नक्की घ्यावी, पण पूर्णांक आला म्हणून निर्धास्त होता येत नाही.

## पडताळ्याने कोणती चूक सापडते

पडताळ्याचा उपयोग नाही असा याचा अर्थ मात्र नाही. सर्वांत जास्त होणारी चूक, म्हणजे अकराऐवजी बारा वेळा फरक धरणे, त्याने हमखास सापडते. 11 × 40 ऐवजी 12 × 40 घेतले तर 2a = 5000 येते आणि पहिला हप्ता २,५०० ठरतो. आता वहीवर बारा हप्ते एकाखाली एक लिहून काढले, तर शेवटचा २,०६० येतो आणि सगळ्यांची बेरीज २७,३६० भरते. दिलेल्या रकमेपेक्षा ती २४० रुपयांनी जास्त आहे, कारण प्रत्येक हप्ता २० रुपयांनी फुगला आहे. येथे एक काळजी घ्यावी लागते. पडताळा घेताना पुन्हा तेच सूत्र त्याच चुकीसह वापरले, तर चूक स्वतःलाच दुजोरा देते. म्हणून निदान एकदा तरी हप्ते हाताने मोजावेत.

दुसरी चूक व्याज विसरण्याची आहे. S = 24000 धरले तर पहिला हप्ता २,२२० आणि शेवटचा १,७८० येतो. दोन्ही पूर्णांक आहेत आणि बेरीजही बरोबर २४,००० होते, त्यामुळे आकडेमोडीत दोष दिसत नाही. तो सापडतो तो शेवटी एक साधा प्रश्न विचारल्यावर: बारा हप्त्यांत मिळून मुद्दलापेक्षा जास्त रक्कम दिली गेली का? येथे ती एका रुपयानेही जास्त नाही, म्हणजे व्याज राहून गेले.

## हप्ते किती, असे विचारले की दोन उत्तरे का येतात

याच उदाहरणाचे दुसरे रूप अधिक गोंधळात टाकते. पहिला हप्ता २,४८० रुपये, प्रत्येक पुढचा ४० रुपयांनी कमी आणि एकूण फेड २७,१२० रुपये एवढे दिलेले असते, आणि हप्त्यांची संख्या विचारलेली असते. आता n अज्ञात आहे आणि सूत्रात तो दोनदा येत असल्यामुळे वर्गसमीकरण तयार होते:

27120 = n/2 × [4960 − 40(n − 1)]
n² − 125n + 1356 = 0
(n − 12)(n − 113) = 0

म्हणून n = 12 किंवा n = 113. वर्गात बहुतेक ठिकाणी "११३ शक्य नाही, म्हणून १२" असे एका ओळीत लिहून पुढे जातात. मुलांचा प्रश्न मात्र रास्त असतो: ऋण संख्या आली असती तर टाकून दिली असती, पण ११३ तर सरळ धन संख्या आहे. ती का टाकायची? आणि हप्ते १२ वरून ११३ झाले तरी एकूण रक्कम तीच कशी राहते?

यासाठी श्रेढी बाराव्या हप्त्यावर न थांबवता पुढे चालू ठेवून पाहावी. तेरावा हप्ता २,००० रुपये, चौदावा १,९६०, असे उतरत त्रेसष्टावा हप्ता शून्य होतो, कारण २,४८० मधून ४० बासष्ट वेळा वजा केले की काहीच उरत नाही. चौसष्टावा हप्ता −४० रुपये होतो. याचा अर्थ त्या महिन्यापासून कर्जदार गटाला पैसे देत नाही, तर गट कर्जदाराला पैसे देऊ लागतो, आणि एकशे तेराव्या महिन्यात गट तिला २,००० रुपये देतो. तेराव्या हप्त्याचे २,००० एकशे तेराव्याच्या −२,००० ने पुसले जातात, चौदाव्याचे १,९६० एकशे बाराव्याच्या −१,९६० ने पुसले जातात, आणि मध्ये शून्याचा त्रेसष्टावा हप्ता उरतो. बारानंतरच्या या १०१ पदांची बेरीज बरोबर शून्य आहे. म्हणून १२ पदांची बेरीज आणि ११३ पदांची बेरीज सारखीच येते. बीजगणिताने चुकीचे काही सांगितलेले नाही. उणे हप्ता ही गोष्ट व्यवहारात नाही, हे बीजगणिताला माहीत नसते एवढेच. उत्तरपत्रिकेत ११३ वगळण्याचे कारणही म्हणूनच असे लिहावे: त्रेसष्टाव्या पदापासून हप्ता शून्य आणि त्यानंतर ऋण होतो, म्हणून n = 113 ग्राह्य नाही. किंवा आणखी सरळ, 113 वे पद −2000 येते एवढे दाखवले तरी पुरते.

खुर्च्यांच्या रांगांच्या उदाहरणात हा पेच येत नाही. एखाद्या मोकळ्या मैदानात दशावताराच्या प्रयोगासाठी पहिल्या रांगेत १६ खुर्च्या मांडल्या, पुढच्या प्रत्येक रांगेत २ वाढवल्या आणि एकूण ३२४ खुर्च्या लागल्या, तर n² + 15n − 324 = 0 असे समीकरण येते आणि त्याची उत्तरे 12 आणि −27 निघतात. उणे सत्तावीस रांगा असू शकत नाहीत, हे कुणालाही पटते. पदे धन असून चढती असतील तर दुसरे उत्तर नेहमी ऋण येते. पदे उतरती असतील, तर दोन्ही उत्तरे धन येऊ शकतात आणि मग प्रत्येक उत्तरासाठी शेवटचे पद काढून पाहावेच लागते.

## पण खरे हप्ते असे उतरतात का?

बँकेचा हप्ता तर दरमहा सारखाच असतो, मग हे उदाहरण केवळ परीक्षेसाठी रचलेले आहे का, असा आक्षेप पालकांकडून येतो. आपल्या उदाहरणापुरते याचे उत्तर असे, की हे हप्ते एका खऱ्या पद्धतीतून तंतोतंत निघतात. गावोगावच्या महिला बचत गटांत ती अनेकांनी पाहिलेली असेल: मुद्दल दरमहा सारख्या भागांत परत करायचे आणि व्याज फक्त बाकी राहिलेल्या मुद्दलावर द्यायचे. याला घटत्या शिलकीवरचे व्याज म्हणतात.

हर्णैच्या बंदरावर लिलावात मासळी घेऊन ती विकणाऱ्या एखाद्या महिलेने बर्फाच्या पेट्यांसाठी गटाकडून २४,००० रुपये घेतले आणि व्याज दरमहा शेकडा दोन ठरले, असे समजू. बारा महिन्यांत मुद्दल फेडायचे म्हणजे दरमहा २,००० रुपये मुद्दल. पहिल्या महिन्यात बाकी २४,००० आहे, तिच्यावर शेकडा दोनने ४८० रुपये व्याज होते, म्हणून हप्ता २,४८०. दुसऱ्या महिन्यात बाकी २२,००० उरते, व्याज ४४० होते आणि हप्ता २,४४०. असे होत बाराव्या महिन्यात फक्त २,००० रुपये बाकी असतात, त्यांवर ४० रुपये व्याज लागते आणि हप्ता २,०४० येतो. उदाहरणातील ४० हा आकडा कोठून आला, तेही येथे दिसते. दरमहा २,००० रुपये मुद्दल फिटते आणि २,००० वरचे शेकडा दोनचे व्याज ४० रुपये होते, म्हणून पुढच्या महिन्यात तेवढेच व्याज कमी होते. व्याजाचीही स्वतंत्र श्रेढी आहे: ४८०, ४४०, ४००, असे ४० पर्यंत. तिची बेरीज ६ × ५२० म्हणजे ३,१२० रुपये येते, आणि हीच पानावर दिलेली व्याजाची रक्कम आहे.

वर सांगितलेला दिशेचा गोंधळ या वाटेने सुटतो. मुद्दल फिटत जाते तसे व्याज कमी होते, म्हणून या पद्धतीत हप्ता चढू शकत नाही, उतरतोच. मात्र प्रत्येक पुस्तकी उदाहरणाला हा निकष लावू नये. काही उदाहरणांत आकडे केवळ भागाकार सोपा जावा म्हणून निवडलेले असतात आणि शेवटचा हप्ता मुद्दलाच्या एका महिन्याच्या भागापेक्षाही लहान येतो. तेथे समान मुद्दलाची पद्धत नाही एवढेच समजावे आणि दिलेल्या शब्दांनुसार सोडवावे.

## सारखा हप्ता आणि सरसकट व्याज

आता हेच कर्ज शेकडा दोननेच, पण सरसकट व्याजाने घेतले तर काय होते ते पाहू. सरसकट म्हणजे कितीही मुद्दल फिटले तरी व्याज शेवटपर्यंत मूळ २४,००० रुपयांवरच लावायचे. मग दरमहा व्याज ४८० आणि हप्ता २,४८० रुपये, बाराही महिने सारखाच. एकूण फेड २९,७६० रुपये होते, म्हणजे घटत्या शिलकीच्या पद्धतीपेक्षा २,६४० रुपये जास्त. हे २,६४० रुपयेही श्रेढीतूनच येतात: दुसऱ्या महिन्यात ४० रुपये जादा, तिसऱ्यात ८०, असे होत बाराव्यात ४४०.

दोन्ही पद्धतींत सांगितलेला दर शेकडा दोनच आहे आणि पहिला हप्ताही दोन्हींत २,४८० रुपयांचाच आहे. कर्ज घेताना फक्त दर आणि पहिला हप्ता विचारला, तर फरक कळणारच नाही. दुसरा हप्ता किती, हे विचारले की तो लगेच उघड होतो. २,४४० असे उत्तर आले तर व्याज घटत्या शिलकीवर आहे, आणि २,४८० असे उत्तर आले तर बहुधा सरसकट आहे.

बहुधा म्हणण्याचे कारण बँकेचा सारखा हप्ता. तेथे हप्ता सारखा असूनही व्याज घटत्या शिलकीवरच असते; सुरुवातीला हप्त्यात व्याज जास्त आणि मुद्दल कमी, नंतर उलटे, अशी विभागणी केलेली असते. दरमहा शेकडा दोनने २४,००० रुपयांचा बारा महिन्यांचा असा हप्ता सुमारे २,२६९ रुपये येतो आणि एकूण फेड सुमारे २७,२३३ रुपये होते. सुरुवातीला मुद्दल सावकाश फिटते म्हणून ती २७,१२० पेक्षा थोडी जास्त आहे. त्या हप्त्यातील व्याजाचे आकडे सारख्या फरकाने उतरत नाहीत, त्यामुळे त्यांना आपले सूत्र लागू होत नाही. हप्ता सारखा असताना व्याज सरसकट आहे का, हे पाहायचे असेल तर हप्त्याला बाराने गुणून मुद्दल वजा करावे. उरलेली रक्कम ५,७६० असेल तर व्याज सरसकट आहे, सुमारे ३,२३३ असेल तर घटत्या शिलकीवर आहे.

## मासेमारी बंदीचे दोन महिने आले तर

किनाऱ्यावरच्या घरांत हा प्रश्न हमखास निघतो. जून आणि जुलै महिन्यांत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, मासळीची आवक आटते आणि २,००० रुपये मुद्दल देणे जड जाते. समजा, पहिला हप्ता नोव्हेंबरमध्ये दिला होता आणि गटाने जून-जुलैत फक्त व्याज भरण्याची सवलत दिली. मे महिन्यात सातवा हप्ता २,२४० रुपयांचा जातो आणि त्यानंतर १०,००० रुपये मुद्दल बाकी राहते. जूनमध्ये त्यावर २०० रुपये व्याज द्यायचे. मुद्दल फिटलेले नाही, म्हणून जुलैतही पुन्हा २०० रुपयेच. ऑगस्टमध्ये मूळ आठवा हप्ता, २,२०० रुपयांचा, सुरू होतो आणि तेथून पुन्हा ४० रुपयांनी उतरत डिसेंबरमध्ये २,०४० वर फेड पूर्ण होते.

हे चौदा भरणे एकाखाली एक लिहिले तर २,२४० नंतर २००, पुन्हा २०० आणि मग २,२०० येतात. फरक सारखा राहिला नाही, म्हणून या चौदा आकड्यांची मिळून अंकगणिती श्रेढी होत नाही आणि n = 14 ठेवून सूत्र वापरले तर उत्तर चुकीचेच येणार. जेथे फरक बदलतो तेथे मांडणी तोडावी लागते. पहिले सात हप्ते ही एक श्रेढी आहे आणि तिची बेरीज 7/2 × (2480 + 2240), म्हणजे १६,५२० रुपये आहे. शेवटचे पाच हप्ते ही दुसरी श्रेढी आहे आणि तिची बेरीज 5/2 × (2200 + 2040), म्हणजे १०,६०० रुपये आहे. मधल्या दोन महिन्यांचे ४०० रुपये वेगळे मिळवायचे. एकूण फेड २७,५२० रुपये होते, आणि मूळ २७,१२० पेक्षा जास्त गेलेले ४०० रुपये म्हणजे १०,००० रुपये मुद्दल आणखी दोन महिने वापरल्याचे व्याज.